तीन कोटेशन आणि एक पीओ

भोसरी एमआयडीसीतलं एक छोटं मशीन शॉप. ईएन-८ स्टीलचा ४० एमएमचा राउंड बार हवाय, साधारण ५०० किलो. तीन सप्लायर्सना आरएफक्यू, म्हणजे भाव विचारणारी चौकशी गेली, तिघांची उत्तरंही आली, आणि आता खरेदीवाल्या ताई शीट उघडून बसल्यात.

पहिला म्हणतो ७० रुपये किलो. दुसरा म्हणतो ४,४०० रुपये नग, सहा मीटरचा बार. तिसरा ७१ म्हणतो, पण एक टनाच्या खाली देत नाही. नुसता आकडा बघितला तर पहिलाच स्वस्त, आणि घाईत बरेच जण इथेच फसतात.

ताई आधी सगळं किलोवर आणतात. शॉपमधलं जुनं सूत्र आहे, एमएममधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, की एका मीटरचं किलोत वजन मिळतं. ४० गुणिले ४० म्हणजे १,६००, भागिले १६२, म्हणजे ९.८८ किलो. सहा मीटरचे ५९ किलोच्या वर जातात, म्हणजे दुसऱ्याचा रेट पडला ७४.२५.

मग पहिलाच स्वस्त ना? थांबा, त्याच्या कोटेशनच्या खाली बारीक अक्षरात लिहिलंय, माल गोडाऊनवरून उचलायचा आणि पैसे आधी. टेम्पो २,५०० आणि हमाली ३०० धरली की ७० चे ७५.६० झाले. दुसरा शॉपच्या दारात पोचवतो, वर ३० दिवसांची उधारी. तिसऱ्याचा अर्धा टन माल रॅकवर पडून राहणार, त्यात अडकलेले पैसे कोण मोजतं? जीएसटी तिघांचाही १८ टक्केच, आणि त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणून तुलनेत तो धरतच नाहीत.

दुसरा ठरला. ईआरपीनेक्स्ट या सॉफ्टवेअरमध्ये त्याचं Supplier Quotation सबमिट करून Create मधून Purchase Order, म्हणजे पीओ घेतली की आयटम, रेट आपोआप येतात, पण ताई लगेच सबमिट करत नाहीत, आधी Valid Till बघतात, कारण स्टीलचा रेट आठवड्यात हलतो आणि तारीख उलटली असेल तर सप्लायर जुना रेट मान्य करेलच असं नाही.

मग युनिट. इथं चूक झाली की गेटवर भांडण ठरलेलं, कारण पीओ किलोत, चलन नगात, आणि स्टोअरवाला मध्येच लटकतो. मागच्या वर्षी याच शॉपमध्ये तसं झालं, बिल दोन आठवडे अडकलं. म्हणून या वेळी रेट नगावरच ठेवला: ९ बार, ३९,६०० रुपये, जीएसटी वेगळा, वजन अंदाजे ५३३ किलो, आणि अटींमध्ये एक ओळ जास्तीची, प्रत्येक हीटचं, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या स्टीलचं टेस्ट सर्टिफिकेट मालासोबतच.

चौथ्या दिवशी टेम्पो आला. स्टोअरवाल्याने नऊ बार मोजले, टोकावरचा हीट नंबर सर्टिफिकेटशी जुळवला, आणि मगच चलनावर सही केली.