'मंग मले खाजो': आजीची गोष्ट वऱ्हाडीतून उतरवताना

(मंडळाच्या मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आवरून)

मंडळी, नमस्कार.

'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत वाघ भेटतो, ती त्याला पुढचा वायदा करते आणि परत येताना भोपळ्यात बसून निसटते. माझ्या आजीच्या गोष्टीत मात्र भोपळा नाही. तिच्या गोष्टीत 'कोहयं' आहे. आज मी बोलणार आहे ते या कोहयाबद्दल आणि त्याच्या आगेमागे असलेल्या पाच-सहा शब्दांबद्दल.

आजी यवतमाळ जिल्ह्यातली, दारव्ह्याकडची. आता नव्वदीच्या घरात आहे. गेल्या दोन वर्षांत मी फोनवरून तिच्या अकरा गोष्टी रेकॉर्ड केल्या. त्या दोन भाषांत हव्या होत्या. आमची मुलं वाचतात इंग्रजी, आणि माझी बायको पुण्याची, तिला आजीचं निम्मं बोलणं कळत नाही. म्हणून मी सरळ हिशेब केला: आधी वऱ्हाडीचं प्रमाण मराठी करायचं, मग त्या मराठीचं इंग्रजी. पहिल्या तीन गोष्टी तशाच केल्या आणि तिन्ही पुन्हा कराव्या लागल्या. का, ते या एका गोष्टीवरून सांगतो.

सुरुवात अशी आहे: 'एक बुढी व्हती. तिची लेक दूर दिली व्हती.' बुढी म्हणजे म्हातारी. पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला हा शब्द जरा उद्धट वाटतो. बायकोनं पहिल्याच वाक्याला विचारलं, 'आजी असं का म्हणतात?' आमच्याकडे त्यात काहीच नाही. पन्नाशीचा माणूस स्वतःच्या आईला कौतुकानं 'आमची बुढी' म्हणतो. तेव्हा प्रमाण मराठीत 'म्हातारी' आणि इंग्रजीत 'ओल्ड वुमन', विषय संपला. इथवर सोपं होतं.

पुढचं वाक्य: 'बुढी जंगलातून जाऊन राहिली, तं वाघ आडवा आला.' हे जर प्रमाण मराठीच्या कानानं ऐकलंत तर वाटतं की बुढी गेली आणि कुठंतरी राहिली, मुक्काम केला. मी स्वतः वऱ्हाडी घरातला, पण शाळा नाशिकला झाली, त्यामुळे मीही घाईत पहिल्या मसुद्यात तसंच लिहून गेलो. वऱ्हाडीत 'जाऊन राहिली' म्हणजे जात आहे, चालू काळ. 'थो वावरात काम करून राहिला' म्हणजे तो शेतात काम करतो आहे, अजून हात चालू आहेत. दिसायला भूतकाळ, अर्थ वर्तमानाचा. पुढं आजी म्हणते, 'लेकीच्या घरी लय दिवस रायली.' इथं मात्र खरोखर राहिली. एकाच गोष्टीत एकच क्रियापद दोन कामं करतं.

ओळखायचं कसं? दोन खुणा मला उपयोगी पडल्या. राहणं चालू काळासाठी असेल तेव्हा त्याच्या अगदी लगत, मध्ये काही न येता, 'जाऊन', 'करून', 'खाऊन' असं रूप असतं. आणि वाक्यात 'आत्ता' घालून आजीला ऐकवायचं. 'थो आत्ता काम करून राहिला' म्हटलं की ती 'हाव' म्हणते. खऱ्या मुक्कामाच्या वाक्यात 'आत्ता' घातलं की तिला हसू येतं. गोष्टीतलं वाक्य घडून गेलेलं असल्यामुळे त्याचं प्रमाण मराठी 'म्हातारी जंगलातून जात होती, तेवढ्यात वाघ आडवा आला' असं झालं. इंग्रजीत 'वॉज गोइंग' इतकं जवळचं रूप आधीपासून तयार आहे. मी मधल्या मराठीच्या पायरीवर घसरलो नसतो तर ते मला पहिल्याच झटक्यात मिळालं असतं.

आता वाघ बोलतो: 'वाघ म्हनते, काय वं बुढे, कुठी चालली?' आपल्या मंडळातल्या एका मित्रानं माझं टिपण तपासून दिलं. त्यानं मोठ्या आपुलकीनं 'वाघ म्हनते' खोडून 'वाघीण म्हणते' केलं होतं. त्याची चूक नव्हती. प्रमाण मराठीत तो म्हणतो आणि ती म्हणते. वऱ्हाडीत 'बाप म्हनते' आणि 'माय म्हनते', दोघांना एकच रूप. क्रियापदावरून लिंग कळत नाही, ते नामावरून घ्यावं लागतं. प्रमाण मराठी करताना ते जपून घालावं लागतं. इंग्रजीत 'सेज' एवढंच पुरतं. गंमत पाहा, इथं आजीची बोली पुण्यापेक्षा लंडनला जवळ आहे.

'वं' हा मात्र कठीण मामला. बाईला हाक मारताना 'वं', पुरुषाला 'गा'. 'काय वं माय', 'काय गा भाऊ'. यात सलगी आहे, शेजारपण आहे. वाघ बुढीला खायला आला आहे, आणि बोलतो मात्र पाणवठ्यावरच्या माणसासारखा. प्रमाण मराठीतलं 'काय गं' वाघाच्या तोंडी फार लाडिक होतं. शेवटी मी 'काय म्हातारबाई' केलं. इंग्रजीत 'हे' लिहून पाहिलं, तर वाघ गुंड वाटायला लागला. 'वेल, ग्रॅनी' वर थांबलो. 'वं' गेला तो गेलाच, पण वाघाचा आवाज बराचसा टिकला.

आणि आता गोष्टीचा खिळा. बुढी म्हणते: 'आत्ता नोको खाऊ बाप्पा. लेकीच्या घरी जाईन, तूप-पोयी खाईन, जाडजूड होईन, मंग मले खाजो.'

'खाजो' म्हणजे काय? माझ्या पहिल्या मराठी मसुद्यात होतं, 'मग मला खा.' त्यावरून इंग्रजी झालं, 'देन ईट मी.' भाचीनं वाचलं आणि म्हणाली, 'पण मामा, ती त्याला ऑर्डर का देते?' पोरीनं नेमकं बोट ठेवलं होतं. 'खा' ही आज्ञा आहे, आत्ताची. 'खाजो' ही पुढची आज्ञा आहे: नंतर केव्हातरी, वेळ आली म्हणजे, तुझ्या सवडीनं. 'येजो', 'सांगजो', 'पाह्यजो' सगळे तसेच. त्यात विनंती असते आणि काम आज होणार नाही याची दोघांनाही कल्पना असते. बुढीची सगळी चतुराई त्या 'जो'मध्ये आहे. ती वाघाला नाही म्हणत नाही, तारीख पुढं ढकलते. प्रमाण मराठीत त्याला जवळचं रूप म्हणजे 'खाशील'. 'मग मला खाशील हो', असं मी आता लिहिलं आहे. इंग्रजीत 'यू मे ईट मी देन' केलं. 'मे'मुळे परवानगी आली आणि 'देन' शेवटी गेल्यामुळे वेळ लांबली.

हे मला 'मग मला खा' वरून कधीच सुचलं नसतं, कारण त्या वाक्यात 'जो' उरलेलाच नव्हता. तेव्हापासून मी क्रम उलटा केला. आधी ऐकू येतं तसं वऱ्हाडी लिहायचं, त्यावरून थेट इंग्रजी, आणि शेवटी पुन्हा वऱ्हाडीवरूनच प्रमाण मराठी.

ऐकू येतं तसं लिहिण्यातही खड्डा आहेच. आजी 'ळ'चा 'य' करते. डोळे म्हणजे डोये, पोळी म्हणजे पोयी. तिनं या गोष्टीत स्वतःची भर घातली आहे: लेक निरोप देताना 'तिच्या गयात सोन्याची माय' घालते. माझ्या चुलतभावानं हे उतरवताना पुढं लिहिलं होतं, 'अर्थ: सोन्यासारखी आई?' ती होती गळ्यातली सोन्याची माळ! अडलेल्या शब्दातल्या 'य'च्या जागी 'ळ' घालून वाचलं की बहुतेक गाठी सुटतात. मात्र हे काम संगणकाला सांगू नका. मी एका गोष्टीत सगळे 'य' एकदम बदलले आणि गोठ्यातल्या 'गाय'चा 'गाळ' झाला. मूळचा 'य' आणि 'ळ'चा झालेला 'य' यांतला फरक फक्त अर्थावरून कळतो.

हा नियम लावला की 'कोहयं'चं 'कोहळं' होतं. मला वाटलं, जिंकलो. प्रमाण मराठीत कोहळा आहेच, पांढरा, वर राखेसारखी भुकटी असलेला, ज्याचा पेठा करतात. इंग्रजीत 'अ‍ॅश गोर्ड'. सगळं व्याकरणशुद्ध आणि सगळं चूक. वऱ्हाडात कोहळं म्हणतात ते लाल भोपळ्याला. आपण इकडे भोपळा म्हणतो तेच. संशय आला तो भाजीमुळे. आजी दुसऱ्या गोष्टीत कोहयाची गोड भाजी करते. फोन करून विचारलं, 'आजी, कोहयं आतून कसं असते?' म्हणाली, 'पिवयं धम्मक. अन् कसं राह्यते?' म्हणजे 'पम्पकिन'. जिथं शब्द ओळखीचा वाटतो तिथं फसायला होतं, अनोळखी शब्दाला माणूस निदान विचारतो तरी. तसाच 'बंडी'. जावई बुढीला घ्यायला 'बंडी' घेऊन येतो, ती बैलगाडी. माझ्या मसुद्यात तो बिनबाह्यांचा सदरा घेऊन आला होता.

वस्तू असेल तर तिचा रंग, आकार, काम विचारायचं. अर्थ विचारला की आजी म्हणते, 'कोहयं म्हंजे कोहयं.'

कोशांचा उपयोग होतो, पण कुठवर ते माहीत हवं. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 पासून खंडाखंडानं निघाला. त्यात बोलीतल्या शब्दांपुढे खुणा आहेत, 'व.' म्हणजे वऱ्हाडी, 'ना.' म्हणजे नागपुरी. मोल्सवर्थचा कोश त्याहून जुना, पहिली आवृत्ती 1831 ची, आणि तो थेट इंग्रजी देतो. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या कोशसंग्रहात इंटरनेटवर फुकट पाहता येतात. शोधताना 'य' नव्हे, 'ळ' घालून शोधा. नामांसाठी हे चांगलं. 'खाजो' आणि 'जाऊन राहिली' अशा रूपांसाठी ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड उघडावा, 1905 चा. त्यात बोलींचे नमुने आहेत, उधळ्या मुलाची तीच गोष्ट निरनिराळ्या बोलींत सांगितलेली. ती शेजारी शेजारी ठेवून वाचली की क्रियापदं कशी वळतात ते दिसतं.

'टुणुक टुणुक'ला मी हात लावला नाही. आजी 'टुनूक' म्हणते, तसंच तिन्ही ठिकाणी ठेवलं. मुलांनी त्याचा अर्थ विचारलेला नाही.

एक गोष्ट अजून अडली आहे. वाघानं 'काय वं' म्हणावं की 'काय वो', यावर आजी आणि तिची धाकटी बहीण यांचं एकमत नाही. बहिणीचं सासर अचलपूरकडचं. इथं अमरावती, अकोला, बुलडाण्याकडचे बरेच जण बसले आहेत. चहाच्या वेळी मी त्या खांबाजवळ फोन चालू करून उभा राहतो. तुमच्या घरातला वाघ काय म्हणत होता, तेवढं येऊन सांगजा.