उजाड दिल्लीचे साक्षीदार

[दृश्य : पहाट. देवगिरीचा तासलेला कडा, खाली खंदक.]

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे निघाले की थोड्याच वेळात हा खडक समोर उभा राहतो. यादवांची ही देवगिरी. इ.स. १३२७ च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकाने येथे आपली राजधानी आणली आणि गावाचे नाव दौलताबाद झाले.

[दृश्य : अंधारीच्या तोंडाशी थांबलेला पर्यटकांचा गट.]

अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत, शिरण्यापूर्वी येथे एक गोष्ट हमखास सांगितली जाते. सुलतानाने सारी दिल्ली रिकामी करवली, मागे राहिलेल्या एका आंधळ्याला फरपटत इकडे आणण्याचा हुकूम दिला आणि दौलताबादेस त्याचा फक्त एक पाय पोहोचला. कोणाच्याही लहरी निर्णयाला आपण ‘तुघलकी कारभार’ म्हणतो, त्या शब्दामागे हीच गोष्ट आहे. ती पहिल्यांदा कोणी सांगितली, केव्हा आणि कोणाच्या तोंडून ऐकून सांगितली, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

[दृश्य : फार्सी हस्तलिखिताचे पान, संथ गतीने.]

या स्थलांतराविषयी तीन समकालीन माणसांनी लिहिले आहे. इतिहासाच्या परिभाषेत हे तिघेही प्राथमिक साधने ठरतात. त्यांच्या आधारे पुढच्या शतकांत लिहिले गेलेले सारे दुय्यम. ‘प्राथमिक’ म्हणजे ‘खरे’ असा समज आपल्याकडे पक्का बसलेला आहे. तो किती फसवा असू शकतो, ते या तिघांना शेजारी बसवले की कळते.

पहिला झियाउद्दीन बरनी. तो सुलतानाच्या दरबारात सतरा वर्षे होता, म्हणजे माहिती मिळण्याची जागा उत्तम. दौलताबाद राज्याच्या मध्यावर पडते, हे राजधानी हलवण्याचे राजकीय कारण त्यानेच नोंदवले आहे. दिल्लीत कुत्रे-मांजरही उरले नाही, असेही तोच लिहितो. मात्र त्याची तवारीख पूर्ण झाली १३५७ मध्ये, घटनेनंतर तीस वर्षांनी. मधल्या काळात सुलतान वारला होता, बरनीची दरबारातली जागा गेली होती आणि वयाची सत्तरी उलटल्यावर तो हलाखीत लिहीत होता. शिवाय हलक्या कुळातल्या माणसांना या सुलतानाने मोठ्या जागा दिल्या, याची सल त्याच्या पानापानांत आहे. म्हणून त्याने दिलेले कारण आणि त्याने केलेले वर्णन एकाच तराजूत घालता येत नाही. कारण दरबारातल्या माहितगाराचे आहे. कुत्र्या-मांजराचे वाक्य उजाडपणा सांगण्याची बोलण्यातली रीत आहे. आपणही गावात ‘चिटपाखरू नव्हते’ म्हणतो, तेव्हा पाखरे मोजलेली नसतात.

[दृश्य : किल्ल्याच्या तटावरून दिसणारे पठार.]

दुसरा इसामी, आणि तो आपल्या मातीच्या जवळचा, कारण त्याचा ‘फुतूह-उस-सलातीन’ हा पद्यग्रंथ दक्षिणेत, १३५० मध्ये पूर्ण झाला. स्थलांतराच्या वेळी तो सोळा वर्षांच्या आसपास होता. त्याच्या नव्वदीतल्या आजोबांना दिल्लीतून बाहेर काढले गेले आणि पहिल्याच मुक्कामी, तिलपत येथे, त्यांनी प्राण सोडला. ही आठवण घरातली आहे; तिच्यावर शंका घेण्यास सबळ कारण नाही. पण काफिल्यातले दहांत एकच दौलताबादेस पोहोचले, असे हाच इसामी सांगतो, तेव्हा थांबावे लागते. हा ग्रंथ त्याने अर्पण केला तो अलाउद्दीन हसन बहमनशहाला. तुघलकाविरुद्ध बंड करून १३४७ मध्ये याच दौलताबादेत गादीवर बसलेला तो राजा. तुघलक जितका क्रूर, तितके बंड न्याय्य. आजोबांचे दुःख आणि नव्या धन्याची सोय एकाच लेखणीतून उतरली आहे, आणि दोन्ही वेगळी करणे हेच साधनचिकित्सेचे काम आहे.

[दृश्य : खंदकावरचा पूल, अंधारीचा दगडी जिना, वर जाणारा प्रकाश.]

तिसरा मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता, त्या आंधळ्याच्या गोष्टीचा धनी. तो दिल्लीला पोहोचला १३३४ मध्ये, म्हणजे लोक निघून गेल्यावर साधारण सात वर्षांनी. त्याने काही पाहिले नव्हते, ऐकले होते. सुलतानाने रात्री महालाच्या छतावरून पाहिले, शहरात ना दिवा ना धूर, आणि त्याचे मन शांत झाले, हा प्रसंग एका विश्वासू माणसाने आपल्याला सांगितला, असे तो स्वतःच म्हणतो. भरीला, पुढे मायदेशी परतल्यावर त्याने हे सारे तोंडी सांगितले आणि दुसऱ्याने लिहून काढले. तो ग्रंथ १३५५ चा. त्यातच दिल्ली एके ठिकाणी भव्य आणि विस्तीर्ण आहे, तर दुसरीकडे जवळजवळ ओस.

म्हणजे ग्रंथ प्राथमिक असला तरी त्यातले हे पान ऐकीव आहे. साधनाची प्रत ग्रंथागणिक ठरवून भागत नाही, वाक्यागणिक ठरवावी लागते.

[दृश्य : संस्कृत शिलालेखाचा ठसा, अक्षरांवरून सरकणारे बोट.]

आता असे साक्षीदार पाहू, ज्यांना या वादाशी काही देणेघेणे नव्हते. दिल्लीजवळच्या सरबन गावी एक संस्कृत शिलालेख मिळाला. विक्रम संवत १३८४, म्हणजे इ.स. १३२८. खेतल आणि पैतल या दोन व्यापाऱ्यांनी विहीर बांधली, एवढीच त्याची हकिकत. तीत दिल्लीचे आणि सुलतानाचे गुणगान आहे. गुणगान सोडून द्यावे, ते अशा लेखांत असतेच. उरते ते एवढेच, की ज्या वर्षांत शहर निर्मनुष्य झाल्याचे सांगतात, त्याच वर्षांत त्याच्या वेशीवर कोणी पैसे खर्चून विहीर खोदत होते. ओसाड गावाला विहीर कोण बांधील?

[दृश्य : नाण्यांच्या दोन्ही बाजू, जवळून.]

नाणीही तेच सुचवतात. या काळात दिल्लीची टांकसाळ बंद पडलेली नाही. दौलताबादची टांकसाळ तिच्या जोडीने चालू आहे. राजधान्या दोन होत्या, एक सोडून दुसरी नव्हे, असे मत काही अभ्यासकांनी मांडले ते यामुळे. मात्र नाण्याकडून जास्त वदवून घेऊ नये. ते टांकसाळ चालू होती एवढेच सांगते; किती घरांना कुलूप लागले, ते सांगत नाही. अमीर, उलेमा, सूफी आणि त्यांचे परिवार यांना सक्तीने हलवले, सामान्य रयत बरीचशी तेथेच राहिली, असा अर्थ या सर्वांचा मेळ घातल्यावर निघतो.

[दृश्य : खुलताबाद. दर्ग्याची पांढरी भिंत, अमीर हसन सिजझीची कबर.]

आलेल्यांपैकी पुष्कळ जण येथे, खुलताबादला विसावले. दिल्लीचा कवी अमीर हसन सिजझी येथे आहे. १३३७ मध्ये वारलेले सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीबही येथेच. पुढे सुलतानाने लोकांना परतण्याची मुभा दिली आणि दक्षिण त्याच्या हातून गेली.

शाळेच्या पुस्तकांतली गोष्ट आली ती मुख्यतः नंतरच्या तवारिखांतून. फिरिश्त्याने सतराव्या शतकाच्या आरंभी विजापुरात लिहिताना बरनीचा आधार घेतला. त्यामुळे बरनी आणि फिरिश्ता दोघेही तेच म्हणतात, म्हणून ते पक्के, असे म्हणता येत नाही. तो एकच साक्षीदार दोनदा बोलला.

[दृश्य : किल्ल्याच्या पायथ्याची फळांची दुकाने.]

इब्न बतूता पुढे खुद्द दौलताबादला आला आणि त्याने हा किल्ला पाहिला. येथील मराठ्यांविषयी, रत्नांच्या श्रीमंत व्यापाऱ्यांविषयी, वर्षातून दोनदा पिकणाऱ्या द्राक्षे-डाळिंबांविषयी त्याने थोडक्यात लिहिले आहे. ही पाने कोणाला खूश करण्यासाठी लिहिलेली नाहीत आणि गाईडच्या गोष्टीत त्यांना जागा नाही.