पैसे काढायला पैसे मागितले, की समजा

मागच्या द्राक्षहंगामानंतर पिंपळगावचे एक शेतकरी माझ्या ऑफिसात आले. एका क्रिप्टो एक्स्चेंजच्या वेबसाइटवर त्यांनी दोन लाख रुपये भरले होते, आणि खात्यात सहा लाख चाळीस हजार दिसत होते. काढायला गेले तर संदेश आला : नफ्यावरचा तीस टक्के कर, म्हणजे एक लाख बत्तीस हजार, आधी भरा.

मी म्हटलं, "दादा, हा कर खराच तीस टक्के आहे, पण तो तुम्ही तुमच्या पॅनवर सरकारला भरता. एक्स्चेंज विक्रीच्या रकमेतून फक्त एक टक्का टीडीएस कापतं, तोही त्याच पैशांतून. सहा लाख चाळीस हजारांवर सहा हजार चारशे. वरून भरायला कोणी सांगत नाही."

ते म्हणाले, "पण सुरुवातीला चार हजार काढले होते की, लगेच आले."

हाच खरा गळ. लहान रक्कम देतात, म्हणून लोक मनापासून चांगले अभिप्राय लिहितात, आणि ते खोटेही नसतात. म्हणून तक्रारी वाचताना चांगल्या किती, वाईट किती हे मोजू नका. "केवायसीत आठवडा गेला" ही कामातल्या दिरंगाईची तक्रार झाली. "काढायला गेलो तर कर, अनामत, पडताळणी शुल्क मागितलं" अशा दोन जरी दिसल्या, तरी तिथून उठा.

त्यांनी मला परवानाही दाखवला. आर्थिक गुन्ह्यांवर नजर ठेवणाऱ्या फिनसेन या अमेरिकी सरकारी संस्थेचं, पैशांची देवघेव करणाऱ्या कंपन्यांना मिळणारं एमएसबी प्रमाणपत्र होतं. ती निव्वळ नोंदणी आहे. फिनसेन स्वतःच सांगतं की ती म्हणजे शिफारस नव्हे. भारतीय ग्राहकांना सेवा देणाऱ्यानं मार्च 2023 पासून एफआययूकडे, म्हणजे संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे, नोंद करायला हवी. ते नाव कंपनीच्या पानावर नव्हे, एफआययूच्या यादीत शोधा, आणि कंपनीचं कायदेशीर नाव जुळतं का ते पाहा. पण ही नोंदही काळ्या पैशाविरुद्धची आहे, ठेवीची हमी नाही. जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजची नोंद होतीच. तरी सुमारे तेवीस कोटी डॉलरची चोरी झाली आणि ग्राहकांची क्रिप्टो वर्षाहून जास्त काळ अडकली.

राहिला तो दावा : "ग्राहकांचा पैसा शंभर टक्के वेगळा ठेवलाय." त्याचा पुरावा म्हणून वॉलेटमधली क्रिप्टो नाणी दाखवतात. पण त्या दिवशी कपाटात काय होतं एवढंच त्यातून कळतं. कुणाचं किती देणं आहे, नाणी उसनी आणली आहेत का, हे कळत नाही. एफटीएक्स या मोठ्या परदेशी एक्स्चेंजनं ग्राहकांचा पैसा आपल्याच अलामेडा कंपनीला वापरू दिला होता, आणि नोव्हेंबर 2022 मध्ये सगळं कोसळलं. म्हणून देण्यांचा हिशोबही मागा, आणि त्यात आपली स्वतःची शिल्लक तपासता येते का ते पाहा.

त्या दादांनी कराचे पैसे भरले नाहीत. माझ्यासमोरच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 ला फोन लावला.