खूण जागेची आणि चित्र माणसाचं

मित्रहो, निळ्या चौकोनातली व्हीलचेअरची पांढरी आकृती तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. ती फोनच्या इमोजींमध्ये कितीतरी आधीपासून होती. मग २०१९ साली व्हीलचेअरचे नवे इमोजी कशाला आणले, असं कुणी विचारेल. ती निळी खूण जागेची आहे. इथे उतार आहे, हे स्वच्छतागृह तुम्हाला वापरता येईल, ही पार्किंगची जागा राखीव आहे, एवढंच ती सांगते. ‘मी निघाले, पोचतेच’ असं मैत्रिणीला कळवताना स्वतःच्या जागी पार्किंगची पाटी कोण पाठवेल? माणूस दाखवणारं चित्रच नव्हतं.

ते यावं म्हणून मार्च २०१८मध्ये ॲपलनं युनिकोड कन्सॉर्शियमकडे प्रस्ताव पाठवला. कुठल्या चिन्हाला कोणता क्रमांक द्यायचा हे ठरवणारी ही संस्था. प्रस्ताव तयार करताना ॲपलनं अमेरिकेतल्या अंध, कर्णबधिर आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्या लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थांशी सल्लामसलत केली होती. या सल्ल्याचा परिणाम बारीक तपशिलांत दिसतो, आणि मला तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

कुत्र्यांचंच बघा. प्रस्तावात एक नव्हे, दोन कुत्री होती. अंध व्यक्तीला वाट दाखवणाऱ्या कुत्र्याच्या अंगावर पट्ट्यांचा साज असतो आणि त्याला ताठ मूठ असते. कुत्रा वळला, थांबला की ते त्या मुठीतून थेट हाताला कळतं. मऊ दोरीतून तसं कळत नाही. दुसरा कुत्रा अंगात जाकीट घातलेला, साध्या दोरीचा. तो इतर प्रकारची मदत करणाऱ्या प्रशिक्षित कुत्र्यांसाठी. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच वाटतील, पण ज्याचं रोजचं चालणं त्या मुठीवर अवलंबून आहे त्याला ती सारखी कशी वाटतील?

मार्च २०१९मध्ये युनिकोडच्या बाराव्या आवृत्तीत ही चिन्हं आली: श्रवणयंत्र लावलेला कान, पांढरी काठी, कृत्रिम हात आणि पाय, हातानं आणि मोटारीवर चालणाऱ्या अशा दोन व्हीलचेअर. बोट कानाजवळून ओठांजवळ नेण्याची अमेरिकन सांकेतिक भाषेतली ‘बधिर’ ही खूण करणारी व्यक्तीही त्यात होती. युनिकोड फक्त क्रमांक आणि नाव ठरवतं. चित्र ज्याची त्याची कंपनी काढते. म्हणून ॲपलच्या फोनवर ती दिसायला ऑक्टोबर २०१९ उजाडला.

आता व्हीलचेअरवरची स्त्री पडद्यावर कशी येते ते पाहू. तिच्यासाठी स्वतंत्र क्रमांक नाही. ती तीन तुकड्यांची बनते:

```
U+1F469  U+200D  U+1F9BD
```

पहिला क्रमांक स्त्रीचा, शेवटचा हातानं चालवायच्या व्हीलचेअरचा. मधला क्रमांक डोळ्यांना न दिसणारा सांधा आहे: आजूबाजूच्या दोन चिन्हांचं मिळून एकच चित्र दाखव, असं तो फोनला सांगतो. त्वचेचा रंग बदलायचा तर रंगाचा क्रमांक स्त्रीच्या लगेच पुढे, सांध्याच्या आधी बसतो. यामुळे प्रत्येक रंगाला आणि प्रत्येक लिंगाला वेगळा क्रमांक द्यावा लागत नाही. फोन जुना असेल तर मात्र सांधा निकामी ठरतो. स्त्री एकीकडे आणि रिकामी खुर्ची दुसरीकडे, अशी दोन चित्रं शेजारी शेजारी उमटतात. मजकूर खराब झालेला नसतो. त्या फोनकडे जोडचित्र नसतं, इतकंच.

दिशेचा प्रश्न आणखी काही वर्षं तसाच राहिला. बहुतेक कंपन्यांच्या चित्रांत खुर्चीचं तोंड डावीकडे होतं. आपण डावीकडून उजवीकडे लिहितो. व्हीलचेअरवरच्या माणसापुढे घराचं चित्र टाकलं, तर तो घराकडे पाठ करून निघालेला दिसायचा. चालणाऱ्या आणि पळणाऱ्या माणसांचंही तेच होत होतं. २०२३च्या १५.१ आवृत्तीत यावर उपाय आला, तोही जुन्याच युक्तीनं: त्याच साखळीला आणखी एक सांधा आणि उजवीकडचा बाण जोडला. पांढरी काठी घेतलेल्या व्यक्तीला आणि दोन्ही व्हीलचेअरवरच्या माणसांना त्यामुळे उजवीकडे वळता आलं. समोरच्याचा फोन त्या आवृत्तीपर्यंत पोचलेला नसेल, तर त्याला डावीकडे तोंड केलेला माणूस आणि शेजारी सुटा बाण दिसतो. तसं दिसलं, तर तुमच्या हातून चुकीचं चित्र गेलं असं समजू नका. ज्याला ते पाठवलं, त्याच्या फोनला अपडेट हवं आहे.