24,000 इम्प्रेशन्स आणि 6 ऑर्डरी

सांगली जिल्ह्यातले तासगाव बेदाण्यासाठी प्रसिद्ध आहे. समजा, तिथल्या एका तरुण उत्पादकाने स्वतःच्या वेबसाइटवर एक किलो बेदाण्याचे पाकीट 499 रुपयांना विकायला ठेवले आणि पुण्या-मुंबईच्या ग्राहकांसाठी फेसबुक व इन्स्टाग्रामवर आयुष्यातली पहिली जाहिरात लावली. रोजचे 500 रुपये, असे सहा दिवस. सातव्या दिवशी त्याने अ‍ॅड्स मॅनेजर हा फेसबुकचा जाहिरातींचा हिशेब दाखवणारा तक्ता उघडला, तेव्हा खर्च 3,000 रुपये, इम्प्रेशन्स 24,000, रीच 9,600, लिंक क्लिक्स 288 आणि खरेदी 6 असे आकडे समोर आले. आकडे नमुन्यादाखल घेतलेले आहेत. पण पहिल्यांदा जाहिरात करणारा माणूस यांतल्या सगळ्यात मोठ्या आकड्याकडे पाहून खूश होतो, हे मात्र नेहमीच घडते.

जाहिरात कोणाच्या तरी स्क्रीनवर आली की एक इम्प्रेशन मोजले जाते. ती वाचली गेली का, तिच्याकडे कोणी पाहिले तरी का, याच्याशी या मोजणीचा संबंध नाही. अंगठ्याने सर्रकन वर ढकललेली जाहिरातही यात धरली जाते. खाली गेलेला माणूस लगेच वर येऊन तीच जाहिरात पुन्हा पाहतो, तेव्हा दुसरे इम्प्रेशन धरले जात नाही, पण त्याच माणसाला ती सकाळी एकदा आणि रात्री पुन्हा दिसली, तर दोन इम्प्रेशन्स होतात.

रीच म्हणजे जाहिरात निदान एकदा दिसलेल्या वेगवेगळ्या खात्यांची संख्या, आणि ती अंदाजाने काढलेली असते. 24,000 ला 9,600 ने भागले की अडीच येतात, म्हणजे प्रत्येकाला जाहिरात सरासरी अडीच वेळा दिसली. या भागाकारालाच तक्त्यात फ्रीक्वेन्सी म्हटलेले असते. सहा दिवसांसाठी अडीच हा आकडा काळजीचा नाही. तो चढत गेला आणि त्याच वेळी क्लिक्स कमी होत गेले, तर मात्र त्याच त्या लोकांना तेच ते चित्र दाखवण्यात पैसे जात आहेत, असे समजावे.

रीचची बेरीज करता येत नाही, आणि इथे हिशेबात पक्के असलेले लोकही फसतात. या उत्पादकाच्या तक्त्यात रोजचा रीच साधारण 2,900 होता. सहा दिवसांची बेरीज 17,400 होते, तरी तक्ता एकूण रीच 9,600 दाखवतो. सोमवारी जाहिरात दिसलेला माणूस बुधवारीही त्या दिवसाच्या रीचमध्ये मोजला जातो, पण सहा दिवसांच्या एकूण रीचमध्ये तो एकदाच येतो. इम्प्रेशन्सची बेरीज मात्र बिनचूक जमते.

क्लिक्सच्या बाबतीत नाव नीट वाचावे लागते. तक्त्यात Clicks (all) हा एक रकाना असतो आणि Link clicks हा दुसरा. पहिल्यात लाइक, कमेंट, फोटो मोठा करून पाहणे, पानाच्या नावावर बोट ठेवणे, हे सगळे येते. आपल्या उदाहरणात तो आकडा 720 होता, तर वेबसाइटकडे नेणाऱ्या दुव्यावर झालेले क्लिक्स 288 होते. विक्रीचा विचार करायचा तर 288 घ्यावेत आणि 720 विसरून जावेत. 3,000 रुपयांना 288 ने भागले की एक लिंक क्लिक सुमारे 10 रुपये 42 पैशांना पडला. यावरचा 18 टक्के जीएसटी वेगळा. नोंदणी नसलेल्या विक्रेत्याला तो परत मिळत नाही, म्हणून त्याने तो खर्चातच धरावा.

या 288 पैकी Landing page views फक्त 210 होते. म्हणजे 78 वेळा दुव्यावर बोट पडले, पण पान पूर्ण उघडण्याआधीच माणूस परत फिरला. पानावर कॅमेऱ्यातून जसेच्या तसे चढवलेले अवजड फोटो असले की हमखास असे होते. हा दोष जाहिरातीचा नसतो. मोबाइल डेटावर, वायफाय बंद करून, आपलेच पान उघडून पाहिले की तो लगेच ध्यानात येतो.

आता कन्व्हर्जन, म्हणजे जाहिरातीतून आपल्याला हवी असलेली कृती, इथे खरेदी. इम्प्रेशन्स, रीच आणि लिंक क्लिक्स हे तीन आकडे फेसबुक स्वतःहून मोजते, पण कन्व्हर्जन म्हणजे नेमके काय, हे जाहिरातदाराला ठरवून द्यावे लागते. वेबसाइटवर पिक्सेल नावाचा छोटा कोड बसवावा लागतो आणि ऑर्डर दिल्यानंतर उघडणाऱ्या आभाराच्या पानावर त्याने Purchase ही नोंद करावी, असे सांगावे लागते. हे केले नाही, तर विक्री झाली तरी रकाना रिकामा राहतो. चुकून ती नोंद मुख्य पानावर बसली, तर प्रत्येक येणारा माणूस ग्राहक ठरतो, आणि खरेदीचा आकडा पान उघडणाऱ्यांच्या आकड्याला जाऊन भिडतो. म्हणून हा रकाना आपल्या ऑर्डर-वहीशी ताडून पाहावा. फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या ऑर्डरी वहीत असतात, पण या रकान्यात आपोआप येत नाहीत.

ताडून पाहताना आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मुळातले सेटिंग न बदलता तसेच ठेवले, तर क्लिकनंतर सात दिवसांत झालेली खरेदी जाहिरातीच्या खात्यावर जमा होते, आणि क्लिक न करता नुसती जाहिरात दिसलेल्या माणसाने एका दिवसात केलेली खरेदीसुद्धा. त्यामुळे नेहमीच्या गिऱ्हाइकाने आपणहून दिलेली ऑर्डरही जाहिरातीच्या नावावर लागू शकते.

सहा खरेदी म्हणजे प्रत्येक ऑर्डरमागे 500 रुपये जाहिरातखर्च. माल आणि पॅकिंग वजा जाता एका पाकिटामागे 180 रुपये उरतात, तेव्हा 3,000 रुपये नुसते वसूल व्हायलाच 17 ऑर्डरी लागल्या असत्या. त्यातून सहापैकी दोन ऑर्डरी कॅश ऑन डिलिव्हरीच्या होत्या आणि त्यांतले एक पार्सल परत आले. तक्त्यात खरेदी सहाच राहिली, कारण कुरियरवाला दारातून परत फिरला हे पिक्सेलला कळत नाही. खरा खर्च ऑर्डरमागे 600 रुपये झाला.

मग दोष कुठे होता? 210 जणांनी पान पाहिले, 41 जणांनी पाकीट कार्टमध्ये टाकले आणि ऑर्डर दिली सहांनी. 41 जणांना माल आणि भाव दोन्ही पसंत होते. अडले ते शेवटच्या पायरीवर, जिथे कुरियरचे 90 रुपये पहिल्यांदा दिसत होते. अशा वेळी इम्प्रेशन्स वाढवण्यासाठी आणखी पैसे ओतले, तर कार्टपाशी अडणाऱ्यांची संख्या तेवढी वाढेल. क्लिक्स स्वस्तात मिळवण्यासाठी जाहिरातीचे उद्दिष्ट Sales ऐवजी Traffic केले, तर यंत्रणा दुव्यावर सहज बोट ठेवणारी माणसे शोधून देईल, आणि ती खरेदी करतीलच असे नाही.

या उत्पादकाने पुढच्या वेळी चित्र, मजकूर, शहरे आणि रोजचा खर्च तसाच ठेवावा, फोटो हलके करावेत, आणि दोन किलोचा संच कुरियर धरून एकाच किमतीत पहिल्याच पानावर मांडावा. त्या संचामागे 400 रुपये उरत असतील, तर वसुलीसाठी 17 ऐवजी 8 ऑर्डरी पुरतात. जाहिरात बंद झाल्यावर मात्र खरेदीचा रकाना लगेच अंतिम मानू नये. सात दिवसांची मुदत संपेपर्यंत त्यात मागाहून भर पडू शकते, आणि परत आलेली पार्सले त्यानंतर वहीतूनच वजा करावी लागतात.