पूजाला पार्टीला बोलवायचंय

आज व्याकरणाची पुस्तकं बाजूला ठेवा, आपण एकच मेसेज घेऊया. तुम्ही कोल्हापुरात शिकायला आलाय, कोण कर्नाटकातनं, कोण बिहारमधनं, आणि वर्गातल्या पूजाचा वाढदिवस आहे. तुम्ही चार-पाच जणांनी मिळून तिच्यासाठी पार्टी ठरवलीय, आता तिला कळवायचंय. फळ्यावर बघा.

"प्रिय पूजा, वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा! आम्ही तुझ्यासाठी शनिवारी संध्याकाळी साडेसहाला रंकाळ्यावर छोटी पार्टी ठेवलीय. केक आम्ही आणतोय. केक कापून झाला की आपण सगळे भेळ खाऊ. येशील ना?"

एवढंच. पण बघा, पहिल्याच ओळीत बरेच जण "वाढदिवसचे शुभेच्छा" असं लिहितात. हिंदीतनं येणाऱ्यांचं तर हमखास होतं. मराठीत 'चा' जोडायच्या आधी शब्द थोडा बदलतो, 'वाढदिवस'चा 'वाढदिवसा' होतो आणि मग पुढं काय लागणार ते पुढच्या वस्तूवर. केक तो, म्हणून वाढदिवसाचा केक. पार्टी ती, म्हणून वाढदिवसाची पार्टी. गिफ्ट ते, म्हणून वाढदिवसाचं गिफ्ट. आणि शुभेच्छा आपण एक कधी देत नाही, भरपूर देतो, म्हणून 'वाढदिवसाच्या'. रंकाळ्याचं पण तसंच, 'रंकाळावर' नाही, 'रंकाळ्यावर'. हे केक, पार्टी, गिफ्ट, शुभेच्छा चार वेळा मोठ्यानं म्हणा, कानाला सवय लागली की नियम आठवावा लागत नाही.

आता मला सगळ्यात जास्त वेळ ज्यावर घालवायचाय ते म्हणजे 'आम्ही' आणि 'आपण'. हिंदीत दोन्हीला हम, कन्नडमध्ये दोन्हीला नावु, त्यामुळं तुम्हाला हा फरक पटकन जाणवत नाही, गुजराती मुलांना मात्र लगेच कळतं कारण त्यांच्याकडं अमे आणि आपणे वेगवेगळं आहे. 'आम्ही' म्हणजे मी आणि माझे लोक, जिच्याशी बोलतोय ती सोडून. 'आपण' म्हणजे ती धरून सगळे. आता मेसेज परत वाचा. पार्टी कुणी ठेवली? आम्ही, पूजा त्यात नाही, तिला ते आत्ता कळतंय. भेळ कोण खाणार? आपण, पूजासकट. हे उलटं करून बघा. "आपण पार्टी ठेवलीय" लिहिलं तर पूजा विचारणार, मी कधी ठेवली? आणि "आम्ही भेळ खाऊ" लिहिलं तर तिचाच वाढदिवस आणि तिनं नुसतं बघत बसायचं असा अर्थ होतो! शब्द दोन्ही बरोबर, व्याकरणात कुठं चूक नाही, पण पोरगी नाराज. म्हणून लिहून झालं की प्रत्येक 'आम्ही'पाशी थांबून विचारा, यात वाचणारी आहे का? असेल तर 'आपण' करा.

वेळेचं पटकन सांगतो. वाराला 'ई' लागते, शनिवारी, रविवारी. वाजण्याला 'ला', सहाला, साडेसहाला. फक्त साडेएक आणि साडेदोन म्हणू नका, ते दीड आणि अडीच.

शेवटचं, 'येशील ना'. वर्गातली मैत्रीण आहे, तू म्हणायचं. लग्नपत्रिकेत 'अगत्य येण्याचे करावे' वाचलं असेल, ते इथं घातलं तर पूजाला वाटेल कुणाच्या तरी काकांनी मेसेज पाठवलाय. "येशील का?" हा नुसता प्रश्न, "येशील ना?" म्हटलं की तू येणारच असं आम्ही धरलंय, ते जास्त आपुलकीचं. आणि नवशिक्यांना 'येशील' सोयीचं पण आहे, कारण मुलगा असो मुलगी असो, शब्द तोच राहतो. 'येतोस', 'येतेस' म्हटलं की सांभाळावं लागतं.

बरं, पूजाचं उत्तर काय येईल? पुस्तकाप्रमाणं "येते". पण ती कोल्हापूरची असेल तर बहुतेक "येतो की!" असं येईल. गोंधळू नका, मेसेज तिच्या भावानं लिहिलेला नाही, इथल्या कितीतरी मुली 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात आणि ते आमच्या बोलीत अगदी सरळ आहे. परीक्षेच्या पेपरात मुलींनी 'येते' लिहा, रंकाळ्यावर 'येतो' म्हणा. आणि तो 'की' म्हणजे, हे काय विचारणं झालं, येणारच. त्यावर तुम्ही लिहायचं, "ये मग, आम्ही वाट बघतोय." इथं परत 'आम्ही', कारण वाट पूजाचीच बघायचीय.