पी आणि क्यूआरएसमधली सपाट रेघ

हातातल्या पत्रकावरची ईसीजीची पट्टी बघा. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक बारीक चौकोन ०.०४ सेकंदाचा आणि पाच बारीक चौकोनांचा मोठा चौकोन ०.२ सेकंदाचा. एवढं हिशेबापुरतं पुरे.

पहिला छोटा उंचवटा पी. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांत, कर्णिकांत, वीज पसरते आहे. आकुंचन त्याच्या मागोमाग होतं. कागदावर दिसते ती वीज, स्नायूची हालचाल नव्हे. म्हणूनच पट्टी नीट दिसत असताना नाडी लागत नाही, असंही क्वचित घडतं. अशा वेळी विश्वास नाडीवर ठेवायचा.

पी संपल्यावर रेघ सपाट होते. विद्यार्थी नेमके इथूनच पुढे उडी मारतात. वीज या वेळी दोन्ही मजल्यांमधल्या एव्ही नोडमध्ये मुद्दाम रेंगाळते. त्या अवधीत कर्णिका आकुंचन पावून उरलेलं रक्त खालच्या दोन कप्प्यांत, जवनिकांत, ढकलतात. पीच्या सुरुवातीपासून पुढच्या उंच लाटेच्या, क्यूआरएसच्या, सुरुवातीपर्यंत मोजा: तीन ते पाच बारीक चौकोन भरायला हवेत.

क्यूआरएस म्हणजे जवनिकांत वीज पसरणं. त्यांचा स्नायू जाड, म्हणून लाट उंच. वाट वेगवान, म्हणून ती अरुंद, तीन बारीक चौकोनांच्या आत. कर्णिकांची वीज पूर्ववत होण्याची खूण याच धामधुमीत झाकली जाते. लगेच झडपा मिटून ‘लब्’ ऐकू येतो. पुढची सपाट रेघ ही जवनिका रक्त बाहेर फेकत असतानाची. त्यानंतरचा उंचवटा टी म्हणजे जवनिकांची वीज पूर्ववत होणं, आणि टी संपता संपता ‘डब्’.

आता पत्रकातली खालची पट्टी घ्या. पहिल्या ठोक्याला पी ते क्यूआरएस पाच बारीक चौकोन, दुसऱ्याला सात, तिसऱ्याला आठ. मग पी आहे, पण त्यामागे क्यूआरएसच नाही. पुढच्या ठोक्याला पुन्हा पाच. म्हणजे कर्णिका वेळच्या वेळी पेटतायत, एव्ही नोड दर खेपेला जास्त रेंगाळतो आणि चौथ्यांदा निरोप खाली पोचतच नाही. मनगटावर बोट ठेवलंत तर तिथे एक ठोका गळालेला जाणवेल. याला वेंकेबाख म्हणतात. तरुण खेळाडूंत झोपेत हे दिसू शकतं, हृदयाची गती कमी करणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्यांनीही होतं. चक्कर किंवा बेशुद्धी नसेल तर बहुधा नुसतं लक्ष ठेवतात.

पण पी ते क्यूआरएस हीच जागा चार-चार चौकोनांची, अजिबात न वाढणारी, आणि मधेच एका पीमागे क्यूआरएस गायब, असं दिसलं तर बेत बदला. बिघाड बहुधा एव्ही नोडच्या खालच्या तारांत असतो. तिथे वरचा संबंध पूर्ण तुटण्याची भीती खरी असते. रुग्णाला बरं वाटत असलं तरी त्याला घरी न पाठवता मॉनिटरवर ठेवायचं आणि हृदयरोगतज्ज्ञांना बोलवायचं. अशांना बऱ्याचदा पेसमेकर लागतो.